१२ गेजमधून हरणाची शिकार: साध्या नळीत सॅबो स्लग चालतात का, की रायफल्ड बॅरल घ्यावंच लागतं?

एडिसनकर
न्यू जर्सीत हरणासाठी रायफल चालत नाही. बंदूक वापरायची तर शॉटगन किंवा तोंडाकडून दारू-गोळी भरायची मझललोडर, एवढेच दोन पर्याय. माझ्याकडे मॉसबर्ग ५०० आहे, १२ गेज, साधी गुळगुळीत नळी, पुढे इम्प्रूव्ह्ड सिलिंडर चोक. बदकं आणि टर्की यांच्यासाठी घेतली होती. यंदा डिसेंबरच्या सहा दिवसांच्या हंगामात हरणासाठी मचाणावर बसायचं आहे. रायफलसारखा दस्ता आणि कमी पॉवरची दुर्बीण बसवून घेतली.

शेजारच्या काकांनी त्यांच्याकडचा सॅबो स्लगचा अर्धा खोका दिला. ३०० ग्रेनची, टोकदार, पिवळ्या प्लास्टिकच्या आवरणातली गोळी. रेंजवर वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवून ५० यार्डांवर पाच गोळ्या झाडल्या. एक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, एक मधल्या वर्तुळाजवळ, दोन खाली उजवीकडे, एक कागदावर आलीच नाही. सगळा पसारा चौदा-पंधरा इंचांचा. दुर्बीण सैल नाही, स्क्रू तपासले. काका म्हणतात, त्यांच्या बंदुकीतून हेच काडतूस १०० यार्डांवर हाताच्या तळव्याएवढ्या जागेत बसतं.

मग फरक कशात आहे? नळी बदलायची, काडतूस बदलायचं, की माझा हातच सुधारायला हवा?

रानवाट
हात नंतर बघू. आधी कागद नीट बघा. भोकं गोल आहेत का? की एखादं लांबट, बाजूने फाटल्यासारखं आहे?

एडिसनकर
आत्ता कागद काढून पाहिला. खालच्या दोन भोकांपैकी एक अगदी गोळीच्या बाजूच्या आकाराचं आहे, लांबट, एका टोकाला निमुळतं. दुसरं अंडाकृती. वरच्या कोपऱ्यातलं बऱ्यापैकी गोल आहे. मधल्याच्या शेजारी कागदाला एक छोटी चीरही आहे. ती मी खिळ्याची समजत होतो.

रानवाट
मग उत्तर कागदानेच दिलं. गोळी आडवी होऊन, कोलांट्या घेत जाते आहे. ती चीर बहुधा प्लास्टिकच्या आवरणाच्या तुकड्याची असणार.

सॅबो स्लग म्हणजे रायफलच्या गोळीसारखी लांब, बारीक गोळी. १२ गेजची नळी .७२९ इंचांची आणि गोळी साधारण अर्ध्या इंचाची, म्हणून मधली जागा प्लास्टिकने भरलेली. लांब गोळीला हवेत सरळ राहायचं तर स्वतःभोवती फिरावंच लागतं, कारण हवेचा दाब तिच्या वजनाच्या मध्याच्या पुढे पडतो आणि तोंड सतत बाजूला ढकलत असतो. फिरकी असेल तर गोळी तो धक्का सोसते. फिरकी नसेल तर पहिल्या वीस-तीस यार्डांतच तोंड वळतं.

काकांच्या नळीत आटे आहेत, म्हणजे आतून कोरलेल्या वळणदार खाचा. त्याच गोळीला फिरवतात. १२ गेजच्या बऱ्याच रायफल्ड बॅरलमध्ये दर ३५-३६ इंचांना एक फेरा असतो. १९०० फुटांच्या वेगाने गोळी बाहेर पडली तर ती सेकंदाला साडेसहाशेच्या आसपास फेरे घेत असते. तुमच्या नळीत शून्य.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची. नळीबाहेर आल्यावर प्लास्टिकच्या पाकळ्या उघडून गोळीपासून सुटतात. फिरकी असेल तर सगळ्या एकदम आणि सारख्या बाहेर फेकल्या जातात. नसेल तर एक आधी सुटते, एक चिकटून राहते, आणि ती राहिलेली पाकळी गोळीला बाजूला खेचते. म्हणून तुमच्या गोळ्या दर वेळी वेगळ्या दिशेला गेल्या. एकाच दिशेला गेल्या असत्या तर दुर्बिणीवर संशय घेतला असता.

पाटीलबुवा_शिकागो
थोडं वेगळं मत आहे. आट्यांची नळीच लागते असं काही नाही. साध्या नळीसाठीच्या स्लगवर तिरक्या रेघा असतात ना, त्या हवेत गोळीला फिरवतात. म्हणूनच त्याला ‘रायफल्ड स्लग’ म्हणतात. दोनशे डॉलरची नळी कशाला? फक्त तो स्लग घ्या. आमच्या इलिनॉयमध्ये अनेक वर्षं लोकांनी त्याच्यावरच हरणं मारली.

रानवाट
पाटीलबुवा, सल्ला बरोबर, कारण बरोबर नाही. साध्या नळीतून फॉस्टर पद्धतीचा स्लगच झाडावा, हे शंभर टक्के खरं. पण तिरक्या रेघांनी मिळणारी फिरकी फारच थोडी, तेवढ्याने गोळी स्थिर होत नाही. त्या रेघांचं खरं काम वेगळं. शिसं चोकमधून जाताना आवळलं जातं, तेव्हा त्याला दबायला जागा मिळावी म्हणून त्या असतात.

हा स्लग सरळ जातो तो वजनाच्या जागेमुळे. मागून पोकळ, पुढे जड. बॅडमिंटनचं फूल कसंही मारलं तरी बूच पुढे करूनच जातं, तसाच हा प्रकार. फिरकीची गरजच नाही. कार्ल फॉस्टरने १९३१ साली अमेरिकेत तो आणला. त्याआधी १८९८ मध्ये जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेकेने मागे गड्डी जोडलेला भरीव स्लग काढला होता. तोही साध्या नळीसाठीच.

एडिसनकर, थोडक्यात: तुमची बंदूक खराब नाही आणि काकांचं काडतूसही खराब नाही. ती दोन एकमेकांसाठी बनलेली नाहीत, एवढंच.

बांधावरचा
माझ्या शेताजवळ रानडुकरं फार आहेत, यवतमाळ जिल्हा. १२ बोअर आहे, पीक संरक्षणाचा परवाना आहे. त्यात हे सॅबो चालतील का? इकडे मिळतात का?

मिडवेस्टची_मावशी
दादा, इथली चर्चा अमेरिकेतल्या हंगामी हरणाच्या शिकारीची आहे, तिकडचे नियम पूर्ण वेगळे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. रानडुकरासाठीही आधी वनखात्याची परवानगी लागते, नुसता पीक संरक्षणाचा परवाना पुरत नाही. काडतुसाचा विचार त्याच्यानंतर. तुमच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे चौकशी करा, इथे कोणाचं ऐकून काही करू नका.

आता मूळ विषय. मी ओहायोत असते. आमच्याकडे २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसाच्या रायफली चालतात, त्यामुळे बऱ्याच जणांनी स्लगच्या बंदुका विकून टाकल्या. मी विकली नाही. माझी २० गेज, बोल्ट ॲक्शन सॅव्हेज २२०, पूर्ण रायफल्ड बॅरल. धक्का १२ गेजपेक्षा कमी, आणि एका ठरावीक सॅबोने १०० यार्डांवर तीन गोळ्या दोन इंचांत बसतात. त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचं काडतूस झाडलं तर सहा इंच! दोन्ही महागडे, दोन्ही सॅबोच. म्हणून आट्यांची नळी घेतली की काम झालं, असं समजू नका. नळीला कोणतं काडतूस मानवतं ते झाडून बघितल्याशिवाय कळत नाही.

एडिसनकर
सहा इंच आणि दोन इंच, एकाच नळीतून? असं का होतं?

मिडवेस्टची_मावशी
माझ्या नळीत २४ इंचांना एक फेरा आहे, १२ गेजपेक्षा घट्ट. वेगवान, हलक्या, लांब गोळीला ते आवडतं. जड आणि संथ गोळीला तितकं नाही. शिवाय प्रत्येक कंपनीचं प्लास्टिक वेगळ्या जाडीचं आणि वेगळ्या कडकपणाचं, ते आट्यांना कसं धरतं यावर पुष्कळ अवलंबून. तापलेल्या नळीत ते मऊ पडतं. तीन गोळ्यांनंतर मी बोल्ट उघडा ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबते. न थांबता झाडलं की चौथी-पाचवी गोळी हमखास बाहेर जाते आणि माणूस उगाच दुर्बिणीचे स्क्रू फिरवत बसतो.

कॅट्सकिल
मधला रस्ता कुणी सांगितला नाही. रायफल्ड चोक ट्यूब मिळते. चोकच्या जागी बसते, आत आटे. पूर्ण नळीच्या मानाने खूप स्वस्त. माझ्या मित्राने तीच लावून ७५ यार्डांवर पाच इंच काढले, सॅबोने. एडिसनकरांनी तेवढंच करावं.

रानवाट
जमतं काहींना, हे मीही पाहिलं आहे. पण भरवसा नाही. पूर्ण नळीत प्लास्टिक पहिल्या इंचापासून आटे पकडतं, वेग कमी असतानाच. चोक ट्यूबमध्ये गोळी सगळा वेग घेऊन येते आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत तिला एकदम फिरायला सांगितलं जातं. काही प्लास्टिक पकडतं, काही आट्यांवरून नुसतं घसरतं. म्हणून तुमच्या मित्राला पाच इंच आणि माझ्या ओळखीच्या एकाला पंधरा इंच, तेच काडतूस, तीच ट्यूब. संथ, जड सॅबोने जास्त चांगलं जमतं असा माझा अंदाज आहे, पण त्यावर मी पैज लावणार नाही.

कॅट्सकिल
अंदाजच असेल तर मित्राचा कागदही पुरावा आहे ना?

रानवाट
आहेच. त्याच्या बंदुकीचा.

एडिसनकर
आता नेमका आकडा कळू दे. माझ्या मचाणावरून ओढ्याची बाजू ४० यार्ड, आणि कापलेल्या मक्याच्या शेताची कड साधारण ९० यार्ड. साध्या नळीतून फॉस्टर झाडला तर शेताच्या कडेवर गोळी टाकावी का?

रानवाट
हिशेब करू. व्हाइटटेल हरणाच्या छातीतली जागा, जिथे हृदय आणि फुफ्फुसं येतात, ती आठ इंचांच्या वर्तुळाची धरतात. साध्या नळीतून, तुमच्यासारख्या चोकमधून, चांगला फॉस्टर ५० यार्डांवर चार इंचांचा ग्रूप देईल असं समजू. तीनही मिळतील, सहाही. १०० यार्डांवर ते नुसतं दुप्पट होऊन आठ इंच होत नाही. गोळी वेग गमावत जाते, वारा तिला ढकलतो, म्हणून दहा इंच धरा. आणि हे वाळूच्या पिशवीवरचं. मचाणावर, जाड हातमोजे घालून, छाती धडधडत असताना आणखी दोन-तीन इंच तुमचे स्वतःचे.

म्हणजे ९० यार्डांवर प्रत्येक गोळी त्या आठ इंचांत जाईलच असं म्हणता येत नाही. एखादी पोटात किंवा पायावर बसणार. जखमी जनावर रात्रभर झाडीत पडून राहतं, आणि सकाळी सापडतंच असं नाही.

खाली पडण्याचा हिशेबही घ्या. एक औंसाचा फॉस्टर नळीतून साधारण १६०० फुटांनी निघतो. ५० यार्डांवर झीरो केला, म्हणजे नेम तिथेच गोळी बसेल अशी दुर्बीण जुळवली, तर १०० वर पाच-सहा इंच खाली जातो. ३०० ग्रेनचा सॅबो २००० च्या आसपास निघतो आणि त्याची पडझड बरीच कमी. म्हणून अंतर ओळखायला दहा यार्ड चुकलात तरी रायफल्ड बॅरल सांभाळून घेते, साधी नळी घेत नाही.

माझं मत: आहे त्या नळीतून ओढ्याच्या बाजूला खुशाल झाडा. ६० यार्डांपर्यंत. शेताच्या कडेला फक्त बघत बसा.

पाटीलबुवा_शिकागो
साठ फारच कमी सांगता. आमचे जुने लोक शंभरावर मारायचे.

मिडवेस्टची_मावशी
जे पडलं ते सांगायचे. जे पळालं ते कोणी सांगत नाही.

एडिसनकर
मग सरळ विचारतो. फॉस्टर कोणता आणि चोक हाच ठेवू का?

रानवाट
इम्प्रूव्ह्ड सिलिंडर उत्तम आहे, सिलिंडरही चालेल. फुल किंवा टर्कीचा चोक कधीही नाही. टर्कीसाठीचा चोक लावलेला राहून स्लग झाडला की चोक आणि नळीचं तोंड दोन्ही खराब होऊ शकतं, इजाही होऊ शकते. खोक्यातून काडतूस काढायच्या आधी चोक काढून त्याच्यावरची खूण वाचायची, ही सवय लावा.

काडतुसात फेडरलचा ट्रूबॉल बघा. स्लगच्या पोकळीत एक प्लास्टिकचा गोळा असतो, तो स्लगला नळीच्या मध्यावर ठेवतो आणि मागची गड्डी पोकळीत घुसत नाही. साध्या नळीत तो बऱ्याच जणांना मानवतो. त्याच्याबरोबर दुसऱ्या कंपनीचा साधा फॉस्टर आणि ब्रेनेकेही घ्या. तिन्हींचे पाच-पाच, वेगवेगळ्या कागदांवर. एकाच कागदावर मिसळलंत तर काही कळणार नाही.

एडिसनकर
शनिवारी गेलो होतो. गारवा, वारा जवळजवळ नाही. ५० यार्ड.

साधा फॉस्टर: सहा इंच, एक गोळी लांब.
ब्रेनेके: साडेचार इंच, पण सगळा ग्रूप तीन इंच डावीकडे.
ट्रूबॉल: पहिल्या वेळी साडेतीन, नळी निवल्यावर पुन्हा झाडले तेव्हा चारच्या जरा आत.

सगळी भोकं गोल, कडा स्वच्छ. एकही लांबट नाही. मग काकांचे उरलेले दोन सॅबो खात्री करायला झाडले. दोन्ही आडवे, एकमेकांपासून फूटभर लांब.

ट्रूबॉलवर ७५ यार्डांनाही झाडून बघितलं. साडेसहा इंच.

रानवाट
७५ ला साडेसहा म्हणजे अपेक्षेप्रमाणेच. पिशवीवर ६० यार्डांना पाचच्या आत येईल, मचाणावर सात धरू. आठात बसतं, पण जेमतेम. तुमची हद्द तीच.

ब्रेनेके डावीकडे गेला म्हणून तो वाईट नाही. त्याच्यावर झीरो केला तर तोही चालेल. पण एकदा एक ठरवलं की हंगामभर तेच, आणि शक्यतो त्याच लॉटचं. खोक्यावर लॉट क्रमांक छापलेला असतो. एक खोका रेंजवर संपवून दुसऱ्या लॉटचा घेऊन जंगलात जाऊ नका.

कॅट्सकिल
आणि पूर्ण रायफल्ड बॅरल घेतली तर? मॉसबर्ग ५०० ला ती बदलायला काही मिनिटं लागतात. मग याच बंदुकीतून सॅबो, शेताची कडही आवाक्यात.

रानवाट
अगदी बरोबर, आणि ९० यार्डांचा झाडायचाच असेल तर मार्ग तोच. पण तीन गोष्टी आधी सांगतो.

दुर्बीण कुठे बसते ते पाहा. बंदुकीच्या अंगावर बसली आणि बॅरल मधूनच काढली की बॅरल परत किंचित वेगळी बसते आणि झीरो हलतो. म्हणून स्लगसाठीच्या बऱ्याच बॅरलला मागे एक पट्टी असते, दुर्बीण तिच्यावर, म्हणजे बॅरल हलली तरी दुर्बीण तिच्यासोबतच हलते. तशीच घ्या. तपासायला सोपं: झीरो करा, बॅरल काढा, परत लावा, तीन गोळ्या झाडा. ग्रूप सरकला असेल तर कळेल.

दुसरं, आट्यांच्या नळीतून छर्रे झाडू नका. फिरकीमुळे ते गोलाकार पसरतात, मध्ये पोकळी राहते. बदकाला जुनी नळी.

तिसरं, तिच्यातून फॉस्टर झाडला तर काही स्फोट होत नाही, पण मऊ शिसं आट्यांत बसतं आणि ग्रूप हळूहळू बिघडतो. सॅबोनेही प्लास्टिकच्या रेघा राहतात. नळीत उजेड टाकून पाहा. आट्यांच्या कडेला फिकट रेघा दिसल्या की सॉल्व्हंट आणि तारेचा ब्रश.

मिडवेस्टची_मावशी
खर्चाचंही बोला ना. बॅरल एकदाच घ्यायची, पण सॅबोचं एकेक काडतूस तीन-चार डॉलरला पडतं, फॉस्टर त्याच्या निम्म्याहून कमी. तीन-चार प्रकारचे सॅबो झाडून कोणतं मानवतं ते शोधायचं तर बॅरलच्या किमतीइतके पैसे काडतुसांवर जातात. आणि जो महाग म्हणून सराव करत नाही, त्याला आट्यांचा फायदा मिळत नाही.

पाटीलबुवा_शिकागो
हेच मी म्हणत होतो! ६० यार्डांच्या आत बसणाऱ्याला साधी नळी पुरे.

कॅट्सकिल
६० च्या आतच हरीण येईल हे हरणाने लिहून दिलंय का? मला बॅरल परवडत असेल तर मी घेईन. जवळ आलं तरी गोळी जास्त नेमकी बसेल.

मिडवेस्टची_मावशी
बसेल, चाप चांगला असेल तर. पंप शॉटगनचा चाप बऱ्याचदा सहा-सात पौंडांचा असतो. तो ओढताना बंदूक हलली की दोन इंचांचा ग्रूप देणारी नळीही चार इंच देते. माझ्या मते आधी चाप, मग बॅरल. रानवाट यांना हे पटणार नाही.

रानवाट
नाही पटत. चाप सरावाने सांभाळता येतो, आडवी जाणारी गोळी सरावाने सरळ होत नाही. पण एडिसनकरांची गोळी आता सरळ जाते आहे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत कदाचित तुम्ही बरोबर असाल.

एडिसनकर
यंदा हीच नळी, ट्रूबॉल, ५० वर झीरो, ६० ची हद्द. मचाणावरून रेंजफाइंडरने मोजलं, ओढ्याच्या पलीकडचं जुनं सफरचंदाचं झाड ५८ यार्डांवर आहे. तिथपर्यंत झाडेन, त्यापुढे नाही. त्याच लॉटचे आणखी दोन खोके आणून ठेवले. पुढच्या उन्हाळ्यात पट्टीवाली बॅरल बघेन, तेव्हा सॅबो कोणते झाडून बघू ते विचारायला याच धाग्यावर येतो. मावशी, तुमचा दोन इंचवाला २० गेजचा आहे, तेच काडतूस १२ मध्ये मिळतं का?

मिडवेस्टची_मावशी
मिळतं, पण वजन आणि वेग दोन्ही वेगळे. २० मध्ये २५० ग्रेन, १२ मध्ये ३००. नाव तेच असलं तरी तुमच्या ३५-३६ च्या आट्यांत ते कसं बसेल ते मी सांगू शकत नाही. एक खोका घ्या, पाच झाडा, मग बोलू.